मरून टी-शर्टवरचा मरून डोळ्यांचा गणपती

मंडळाच्या टी-शर्टांसाठी पारदर्शक बॅकग्राउंडचा लोगो हवाय ना? मग ज्याने तो मुळात बनवला त्याला चुकूनही फोन करू नका. तो कोरलड्रॉची सीडीआर फाइल नाहीतर व्हेक्टर पीडीएफ देऊन टाकेल आणि पाच मिनिटांत विषय मिटेल. त्यात कसली मजा?

लोगो मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरूनच उतरवा. फोटो म्हणून पाठवल्यामुळे तिथे त्याची जेपीजी झालेली असते. जेपीजीत पारदर्शकता साठवायची सोयच नसते, शिवाय अक्षरांच्या कडेला राखाडी कचरा साठतो, तो आपल्याला फुकट. आता फाइलच्या नावातलं `.jpg` खोडून `.png` लिहा. झाली पारदर्शक!

नाही झाली? मग फोटोशॉपमध्ये लेयरचं कुलूप काढा, जादूची छडी उचला, `Contiguous`ची टिकमार्क काढा आणि पांढऱ्यावर क्लिक करून डिलीट मारा. बॅकग्राउंड जाईल. सोबत गणपतीचे डोळे, सुळा आणि मोदकही जातील, कारण तेही पांढरेच होते. कडेला उरलेली पांढरट झालर पांढऱ्या स्क्रीनवर दिसत नाही, म्हणजे ती नाहीच. खाली गडद रंगाचा लेयर टाकला की झालर आणि डोळ्यांची भोकं लगेच कळतात, पण एवढा संशयी स्वभाव बरा नव्हे.

लोगोमागे मऊ सावली मात्र हवीच. डीटीएफमध्ये, म्हणजे फिल्मवर छापून कापडावर दाबायच्या छपाईत, गडद कापडावर खाली पांढऱ्या शाईचा थर बसतो आणि त्यावर रंग. पांढरी शाई सावलीसारखी विरळ होत जात नाही, त्यामुळे अर्धवट पारदर्शक सावलीखालीही ती बसते आणि बाप्पांमागे राखाडी-पांढरा डाग उमटतो. प्रभावळ म्हणून खपवा.

आकाराचं काय? ग्रुपवर जो स्टिकर फिरतोय तोच छापायला द्या. स्टिकर असतो ५१२ बाय ५१२ पिक्सेलचा, शंभर केबीच्या आतली वेबपी फाइल. छातीवर आठ इंच छापायचं तर ३०० डीपीआयने २४०० पिक्सेल लागतात. ५१२ भागिले आठ म्हणजे इंचाला ६४. पायऱ्या दिसतील, पण मिरवणुकीत जवळून बघतंय कोण! (स्टिकरची अक्षरं काळी असतील तर भोवती पांढरी कड देऊ नका. डार्क मोडवाल्यांना नुसता मोदक दिसेल, तेवढंच कुतूहल.)

शेवटी फाइल प्रेसवाल्याला डॉक्युमेंट म्हणून नव्हे, फोटो म्हणूनच पाठवा. उरलीसुरली पारदर्शकता तिथे संपते. मग तोही तीच छडी फिरवेल आणि मरून कापडावरचा नमुना पाठवून विचारेल, "दादा, डोळे असेच ठेवायचेत का?" फोटो न उघडता अंगठा दाखवा.

दीडशे टी-शर्ट आले की अध्यक्षांना सांगा, यंदा बाप्पा ध्यानस्थ आहेत.