नसलेल्या कॅमेऱ्याचा पुरावा

माझ्या चष्म्यात कॅमेरा नाही. नव्हता, नाही, आणि आता या जन्मात असायची शक्यताही नाही. परवा चष्म्याच्या दुकानातल्या बाकावर बसून हे वाक्य मी इतक्या वेळा म्हणालो, की शेवटी शेवटी माझाच माझ्यावर विश्वास बसेना.

चष्मा स्मार्ट आहे हे कबूल. दोन्ही काड्यांत स्पीकर, माइक आणि बॅटरी. कानात काही न खुपसता फोनवर बोलता येतं, एवढंच त्याचं शहाणपण. कॅमेरावालाही मिळत होता, पण समोरच्याला उगाच अवघडल्यासारखं नको म्हणून मी मुद्दाम बिनकॅमेऱ्याचा घेतला. या चांगुलपणाची कुठे पावती मिळत असती तर ती मी गळ्यात लटकवून फिरलो असतो.

दुकानातली ही तिसरी खेप होती. कारण नाक.

माझा नंबर दोन्ही डोळ्यांना उणे साडेपाच, वर चिमूटभर सिलिंडर, आणि वय झाल्याने वाचायला अधिक दोन. म्हणजे प्रोग्रेसिव्ह काच आली: वरून लांबचं दिसतं, खालून जवळचं आणि मधल्या चिंचोळ्या पट्ट्यातून अधलंमधलं. ही काच फ्रेममध्ये बसवायच्या आधी दुकानातला मुलगा तुम्हाला फ्रेम घालायला लावतो, समोर सरळ बघायला सांगतो आणि बुबुळासमोर पेनाने ठिपका देतो. सगळी काच त्या ठिपक्याभोवती घडवली जाते. आता गंमत अशी, की ठिपका देताना फ्रेममध्ये नंबराची काच नसते. दाखवण्यापुरती पातळ, पिसासारखी काच असते. त्या वेळी चष्मा माझ्या नाकावर राजासारखा ताठ बसला होता.

मग खरी काच आली. उणे नंबराची काच मध्ये पातळ आणि कडेला जाड. त्यात ही फ्रेम रुंद, माझे डोळे जवळ. काचेचा मध्य बुबुळासमोर आणायचा तर प्रत्येक काच नाकाकडे पाचेक मिलिमीटर सरकवावी लागते, आणि मग कानाकडची कड उरते ती काचेचा सगळ्यात जाड भाग. महागातली पातळ, १.६७ची काच घेऊनही ती कड पाच मिलिमीटरच्या वर गेली. काडी मिटताना तिच्यावर टेकते, म्हणून चष्मा पुरता मिटत नाही. दार अडकलेल्या कपाटासारखा अर्धवट उघडा राहतो.

घरी वजनकाट्यावर ठेवला. जुना चष्मा २४ ग्रॅम, नवा ५३. एकोणतीस ग्रॅमचं काय एवढं, असं वाटेल. नाकाला विचारा. शिवाय ते वजन आहे कुठे, तर काडीच्या पुढच्या जाड भागात, बिजागरीजवळ, कारण कानामागचा भाग बारीक ठेवावा लागतो. त्यामुळे सगळा डोलारा पुढे झुकतो. पंधरा मिनिटांत चष्मा तीन मिलिमीटर खाली. तो खाली आला की ठिपका खाली, ठिपका खाली गेला की वाचायचा भाग पार गालावर. मग वाचायला हनुवटी वर करावी लागते. गेले दहा दिवस मी प्रत्येक कागदाकडे, मोबाइलकडे आणि बायकोकडे तुच्छतेने बघतोय असं दिसतंय. पहिल्या दोन वस्तूंची तक्रार नाही.

साध्या चष्म्याचं औषध सोपं असतं. दुकानवाला काडीवर गरम हवा सोडतो, प्लॅस्टिक मऊ झालं की कानामागे जरा वाकवतो, चष्मा पकड घेतो. इथे मुलाने काडी हातात घेतली, वरखाली बघितली आणि बॉम्ब ठेवावा तशी अलगद काउंटरवर ठेवली. "सर, ही गरम नाही करता येणार. आत बॅटरी आहे." कानामागचं शेवटचं टोक तेवढं वाकतं म्हणे. ते त्याने वाकवलं, ते कानाला टोचू लागलं, म्हणून दुसऱ्या खेपेला मी ते सरळ करून घेतलं होतं. आता तिसरी खेप. मुलगा म्हणाला, "बसा सर, आत विचारून येतो," आणि चष्मा मला परत देऊन गेला.

बाकावर शेजारी एक काका होते. एका काडीला दोरा गुंडाळलेला चष्मा कपाळावर चढवून ते माझ्याकडे बराच वेळ बघत होते.

"चालू आहे का?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"शूटिंग."

मी ते वाक्य पहिल्यांदा म्हणालो. काकांनी मान डोलावली, शर्टाचं वरचं बटण लावलं आणि पाठ ताठ केली. म्हणजे विश्वास बसलेला नव्हता; फक्त चित्रीकरणात आपण बरे दिसावं एवढी खबरदारी होती.

"मग हा ठिपका कसला?" त्यांनी बिजागरीजवळ बोट नेलं.

"तो स्क्रू आहे."

"आणि हे भोक?"

"ते माइकचं."

"म्हणजे रेकॉर्डिंग आहेच की!"

इथे मी अडकलो. कारण माइक आहे, तो फोनला जोडलेला आहे आणि फोनमध्ये काय चालू आहे हे काकांना बाहेरून कळायचा काही मार्ग नाही. कॅमेऱ्याचा निदान दिवा तरी लागतो. मी तेच सांगायला गेलो. म्हटलं, काका, कॅमेरावाल्या चष्म्यांना पुढे बारीक दिवा असतो, चित्रण सुरू झालं की तो पेटतो. माझ्याला दिवाच नाही बघा.

"काढून टाकला असेल."

"अहो, कॅमेराच नाही तर दिवा कशाला असेल?"

"तेच म्हणतोय मी. दिवा कशाला ठेवाल तुम्ही!"

मला राग आला, पण कोणाचा यायला हवा हे ठरेना. काका अगदीच हवेत बोलत नव्हते. दिव्यावर काही चिकटवलं तर चित्रण सुरूच होऊ नये अशी सोय काही चष्म्यांत आहे. पण तो दिवाच निकामी करून घेणारे उपद्व्यापी लोक निघालेच. दिवा पेटला तर कॅमेरा चालू आहे एवढं कळतं, न पेटल्यावर काहीच कळत नाही. आणि ही अढी आजची नाही. २०१३ मध्ये गूगल ग्लास हा कॅमेरावाला चष्मा लोकांच्या हाती आला, तेव्हा अमेरिकेतल्या सिॲटलमधल्या एका बारने तो घालून आत यायलाच मनाई केली होती. घालणाऱ्यांना 'ग्लासहोल' अशी शिवीही मिळाली, आणि २०१५ च्या जानेवारीत सामान्य ग्राहकांसाठी त्याची विक्री थांबली. म्हणजे पाप करणारे वेगळे, विकणारे वेगळे, आणि बाकावर बसून जबाब देणारा मी. ज्याने कॅमेरा घेतला नाही तो.

"घालून बघा," असं म्हणून मी चष्मा काढून काकांच्या हातात दिला. ही घोडचूक. उणे साडेपाच म्हणजे माझं स्पष्ट जग नाकापासून अठरा सेंटिमीटरवर संपतं. पलीकडे सगळं धुकं. या चष्म्याचं सगळ्यात मोठं दुखणं खरं तर हेच आहे, वजन नंतर. इअरफोन चार्जिंगला लावून माणूस हिंडूफिरू शकतो. चष्मा चार्जिंगला लावला की मी पलंगावर बसून राहतो. त्या चुंबकी पिना काडीला नीट लागल्यात का, हे बघायला चष्मा लागतो. चार्जिंग होतंय हे सांगणारा दिवा दिसायला चष्मा लागतो. ज्याने हे बनवलं त्याची नजर गरुडासारखी असणार.

तर त्या धुक्यात मला एक काका-आकाराचा डाग दिसत होता आणि त्या डागातून खच्चकन आवाज आला. काकांनी माझ्या चष्म्याचा स्वतःच्या मोबाइलवर फोटो काढला होता. मग मोबाइल जरा वर उचलून दुसरा काढला. तो माझा होता.

"पुतण्याला पाठवतो," ते म्हणाले. "त्याला कळतं यातलं. कॅमेरा आहे का सांगेल."

मला विचारलं? नाही. त्यांच्या मोबाइलचा कुठला दिवा लागला? नाही. मी चष्मा हिसकावल्यासारखा घेतला, घातला, आणि तेवढ्यात फोन आला. बायकोचा.

आता यातली शास्त्रीय बाजू सांगायलाच हवी, कारण तिनेच माझा घात केला. स्पीकरचं भोक काडीच्या खालच्या बाजूला, बरोबर कानासमोर यावं अशा बेताने असतं. चष्मा जागेवर असला तर थोडक्या आवाजात काम भागतं आणि शेजाऱ्याला पुटपुट ऐकू येते, फार तर. पण माझा चष्मा घसरलेला. घसरताना तो नुसता खाली येत नाही, पुढेही येतो. भोक कानापासून पुढे सरकतं, आवाज बारीक होतो, म्हणून मी आठवडाभर तो शेवटच्या काट्यावर ठेवला होता. रस्त्याच्या गोंगाटात ते खपून जातं. पण चष्म्याच्या दुकानात शांतता इतकी असते की कापड काचेवर फिरल्याचंही ऐकू येतं.

"अरे, सकाळी झालं का साफ?" माझ्या दोन्ही काड्यांनी दुकानाला विचारलं. "तीन दिवस झाले. कुंथू नकोस हां, डॉक्टरांनी सांगितलंय."

काउंटरवर फ्रेम बघणाऱ्या बाईंनी आरशातून माझ्याकडे बघितलं. मी काडीवर बोट चोळून आवाज कमी करायला गेलो. बोट पुढे चोळलं की कमी होतो की मागे, हे अशा वेळी कोणाला आठवतं? "आणि ते मलम संपलंय का बघ," हे आधीपेक्षा खणखणीत आलं.

काकांनी मोबाइल खिशात ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावरचा संशय पार गेला होता. त्या जागी करुणा आली होती.

"उठल्या उठल्या दोन पेले गरम पाणी," ते हळूच म्हणाले. "आणि चालायचं."

आतून मुलगा आला तो सिलिकॉनच्या दोन इवल्याशा गाद्या घेऊन. या फ्रेमला नाकाच्या गाद्या वेगळ्या नाहीत, प्लॅस्टिकचाच उंचवटा आहे. त्यावर आतून या चिकटवल्या की चष्मा दोन मिलिमीटर वर उचलला जातो आणि घसरत नाही. त्याने चिकटवल्या. वाचायचा भाग गालावरून डोळ्याखाली आला. हनुवटी उतरली. आवाज निम्म्यावर आणला तरी ऐकू येऊ लागलं. एवढ्याशा गाद्या. त्या आधी चिकटवून मग ठिपका द्यायला काय झालं होतं, असं मी विचारलं. तो म्हणाला, "या फ्रेमला पहिल्यांदाच काच बसवली सर." म्हणजे प्रयोग माझ्या नाकावर होता.

गाद्या दर महिन्याला सुटतात, हे त्याने मी दारात पोचल्यावर सांगितलं. त्यामुळे पुढच्या महिन्यात चौथी खेप आहे. काकांची फ्रेम तेव्हाच मिळणार आहे, हे मी मुलाकडून मुद्दाम काढून घेतलं आणि दुसरा दिवस मागून घेतला. उपयोग झाला नाही. काल संध्याकाळी रस्त्याच्या पलीकडून हाक आली, "ओ शूटिंगवाले!" मी मान खाली घालून चालत राहिलो. काकांनी दोन्ही हात तोंडाभोवती धरले आणि वाहनांच्या आवाजावर आवाज चढवून विचारलं,

"झालं का साफ?"