पोस्टरवर ‘१ कोटी’ कशाला?

“वेबिनारला गर्दी हवी तर पोस्टरवर ‘५ हजारांच्या एसआयपीतून १ कोटी’ असा दणदणीत आकडा टाका. खाली बारीक अक्षरात जोखमीची सूचना दिली की कायद्यातून सुटका. पहिल्या ५० जणांना चांदीचं नाणं ठेवा. वेबिनारमध्ये तोंडी काय बोललात ते कोणी धरत नाही.”

गुंतवणूक सल्लागारांच्या ग्रुपमधून हे माझ्या भाचीपर्यंत आलं. सेबीकडे नोंदणी करून ती सोलापुरात नुकतीच स्वतंत्रपणे काम करू लागली आहे. जुळे सोलापूर भागातल्या निवृत्तीला आलेल्या शिक्षकांसाठी तिला ऑनलाइन वेबिनार घ्यायचा आहे, आणि तिने तर पोस्टरही करून ठेवलं होतं. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी तो कोटीचा आकडा. महिन्याला ५ हजार असे २५ वर्षं भरले तर खिशातून १५ लाख जातात. दर वर्षी १२ टक्के मिळतील असं धरलं, तर हाती साधारण ९५ लाख येतात. म्हणजे तेव्हाही कोटी होत नाही. ८ टक्के धरले तर ४८ लाख. दरात ४ टक्क्यांचा फरक पडला की रक्कम निम्म्यावर येते, आणि नेमका हा दरच पोस्टरवर कुठे नसतो. शिवाय ज्यांच्यासाठी हा वेबिनार आहे त्या शिक्षकांच्या हातात २५ वर्षं आहेत कुठे? त्यांची निवृत्ती ४-५ वर्षांवर आलीय!

राहिली सूचना. सेबीने ५ एप्रिल २०२३ रोजी सल्लागारांसाठी जाहिरात संहितेचं परिपत्रक काढलं. गृहीतकांवर किंवा अंदाजांवर बेतलेली दिशाभूल करणारी विधानं जाहिरातीत नकोत, खात्रीच्या परताव्याचं आश्वासन नको, असं त्यात स्पष्ट आहे. ठरलेली सूचना द्यायचीच, तीही किमान १० आकाराच्या फाँटमध्ये. पण ती दिली म्हणून वरचा मजकूर चालून जात नाही. दोन्ही अटी वेगवेगळ्या आहेत आणि दोन्ही पाळाव्या लागतात. जाहिरात देण्याआधी सेबीने मान्यता दिलेल्या पर्यवेक्षक संस्थेची मंजुरी घ्यायलाही याच परिपत्रकात सांगितलंय. त्यामुळे मजकूर आदल्या रात्री ठरवून भागत नाही.

चांदीच्या नाण्यावर वेळ घालवत नाही. बक्षिसं, भेटवस्तू वाटायच्या योजना त्याच परिपत्रकाने बंद केल्या आहेत.

तोंडी बोलण्याबद्दलचा सल्ला मात्र खरंच घातक आहे. ही संहिता दृक्‌श्राव्य आणि इंटरनेटवरच्या संवादालाही लागू आहे, आणि घसरायला होतं ते प्रश्नोत्तरांत. कोणी विचारतं, “मॅडम, प्रॉव्हिडंट फंडाचे २० लाख येणार आहेत, कुठे टाकू?” आणि भिडेपोटी तोंडून निघून जातं, “साधारण १२-१५ टक्के धरून चाला.” समोरच्याच्या डोक्यात तो आकडा पक्का बसतो. खरं तर त्याची जोखीम घेण्याची ऐपत तपासल्याशिवाय नोंदणीकृत सल्लागाराने त्याला वैयक्तिक सल्ला द्यायचाच नसतो. अशा वेळी एवढंच म्हणावं, “तुमचं कर्ज, पेन्शन, घरखर्च बघितल्याशिवाय मी सांगणार नाही. त्यासाठी वेगळं बसू.” हे वाक्य समोर लिहून ठेवावं. एखादा जुना ग्राहक चॅटमध्ये ‘मॅडमनी पैसे दुप्पट केले’ असं टाकू शकतो, म्हणून चॅट फक्त सूत्रसंचालकाला दिसेल असं ठेवावं.

एक गोष्ट मान्य करावी लागते: नुसत्या ‘आर्थिक साक्षरता वेबिनार’ या पोस्टरकडे कोणी ढुंकून बघत नाही. आकडा हवाच, पण तो परताव्याचा नको, ऐकणाऱ्याच्या आयुष्यातला हवा. भाचीचं नवं शीर्षक असं आहे: ‘निवृत्तीला ५ वर्षं उरली. शेअर बाजारातले पैसे कधी आणि किती बाहेर काढायचे?’ खाली तिचं नाव, नोंदणी क्रमांक, पत्ता आणि सूचना.

मुख्य स्लाइड एकच. जानेवारी २००८ मध्ये सेन्सेक्स २१ हजारांपर्यंत गेला होता, मार्च २००९ मध्ये तो ८ हजारांच्या घरात आला, आणि पुन्हा २१ हजारांना टेकायला नोव्हेंबर २०१० उजाडलं. मधल्या काळात निवृत्त झालेल्या माणसाचे सगळे पैसे शेअर बाजारात असते तर मुलीच्या लग्नाला पैसे कुठून आणले असते? २५ मिनिटं यावरच बोलायचं, २० मिनिटं प्रश्न घ्यायचे. तारीख गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत नको, तेव्हा संध्याकाळी कोणी घरी सापडत नाही.

नोंदणीच्या फॉर्ममध्ये नाव, फोन, निवृत्तीचं वर्ष, ‘तुमचा एक प्रश्न’ आणि फोन करायला संमती, एवढंच विचारायचं. प्रश्न लिहून संमती देणाऱ्यांना दोन दिवसांत फोन करायचा आणि पहिल्याच बोलण्यात आपली फी रुपयांत सांगायची. उरलेल्या नोंदण्या आकडेवारीत मिरवू नयेत. त्यातले बरेच जण नुसतं रेकॉर्डिंग मागतात.