पायमशीनचा पट्टा सारखा घसरतो किंवा तुटतो: एका अभिप्रायाला दुकानाचं उत्तर

एक तारा. "पायमशीनचा चामडी पट्टा जुलैत इथून घेतला. तीन आठवड्यांत घसरायला लागला. मुलाने थोडा थोडा कापून आखूड केला तरी घसरतच होता, शेवटी घट्ट केला तर दुसऱ्याच दिवशी तुटला. गोधड्यांची ऑर्डर अडकली. माल हलका आहे."

नमस्कार ताई,

ऐन ऑर्डरीत मशीन बंद पडली याचं आम्हाला मनापासून वाईट वाटलं. तुम्ही आणून दिलेला तुटका पट्टा आम्ही नीट तपासला आणि आमचा कारागीर तुमच्या घरी येऊन मशीनही पाहून गेला. जे दिसलं ते इथेच सविस्तर लिहितो, कारण पट्टा घसरण्याची आणि तुटण्याची तक्रार बऱ्याच घरांतून येते आणि पुष्कळदा तिचं मूळ पट्ट्यात नसतं.

आधी पट्टा कुठे तुटला ते सांगतो. चामडं सुकून गेलं असेल किंवा मुळात कच्चं असेल तर पट्टा मधेच कुठेतरी तुटतो, आणि बोटाभोवती वळवला की वरच्या बाजूला बारीक भेगा उघडतात. टेबलाच्या भोकाची कड लागत असेल तर एकाच बाजूने घासून पातळ झालेला दिसतो. तुमच्या पट्ट्यावर यातलं काहीच नाही. तो हूकच्या भोकापाशी फाटला आहे, भोक ओढलं जाऊन लांबट झालं आहे. ताण फार पडला की पट्टा असाच जातो. शिवाय नवं भोक टोकापासून जेमतेम २ मिलिमीटरवर पाडलेलं होतं. तिथे निदान ५–६ मिलिमीटर चामडं शिल्लक हवं, नाहीतर हूक ते चिरत बाहेर येतो.

तीन आठवड्यांत पट्टा ढिला झाला हे मात्र आम्हाला अपेक्षितच होतं. नवं चामडं सुरुवातीच्या वापरात ताणलं जातं, आणि पावसाळ्याच्या दमट हवेत जरा जास्तच. अशा वेळी टोकाकडून अर्धा सेंटिमीटर कापून परत जोडायचा, आणि लागलाच तर पुन्हा तेवढाच. आपल्या घरी तो चार सेंटिमीटरच्या आसपास कापला गेला. यात मुलाला दोष देऊ नका. थोडा कापूनही घसरतोय म्हटल्यावर कुणीही आणखी कापेल. प्रश्न हा की थोडं कापून का भागलं नाही.

त्याचं कारण मशीनमध्ये सापडलं. कारागिराने पट्टा चाकावरून उतरवला आणि वरचं हाताचं चाक नुसतं फिरवून पाहिलं. चांगली मशीन अशी फिरवली की एका बोटाने फिरते आणि सोडल्यावर थोडी आपसूक पुढे जाते. तुमची जागच्या जागी थांबत होती. चाक काढल्यावर मागे दांड्याभोवती दोऱ्याची घट्ट गुंडाळी निघाली, आणि तेलाच्या भोकांत खोबरेल तेल वाळून चिकट राळ झालेली होती. खोबरेल किंवा गोडंतेल मशीनला कधीही घालू नये. सुरुवातीला मशीन हलकी वाटते, पण काही महिन्यांत तेच तेल तिला धरून ठेवतं. त्यात गोधडीचे जाड थर सुईखाली आले की मशीन आणखी जड. मग खालचं मोठं चाक फिरतं, वरचं अडतं आणि पट्टा खाचेत घसरतो. तो घट्ट केला की सगळा जोर सांध्यावर जातो. म्हणून पट्टा घसरू लागला की कात्री हातात घेण्याआधी तो उतरवून चाक फिरवून पाहा, एवढी आमची कळकळीची विनंती आहे.

इतर वाचकांसाठी आणखी एक खूण. हाताचं चाक फिरतंय पण सुई हलत नाही, असं असेल तर पट्ट्याला हातच लावू नका. चाकाच्या मध्यभागी जो मोठा स्क्रू असतो तो बॉबिन भरताना सैल करतात आणि नंतर आवळायचा राहून जातो. तो आवळला की काम होतं.

तुमच्या मशीनच्या भोकांत कारागिराने रॉकेलचे थेंब सोडून ती दोरा न ओवता बराच वेळ चालवली, काळपट घाण बाहेर आली ती पुसली आणि मग मशीनचं पातळ तेल घातलं. आता ती मोकळी फिरते. पुढचे काही दिवस आधी चिंधीवर शिवून पाहा, म्हणजे उरलेलं तेल गोधडीला लागणार नाही. चाकाच्या खाचेत तेल उतरलं असेल तर कोरड्या फडक्याने पुसा, कारण तेलकट खाचेत कितीही घट्ट पट्टा घसरतो.

आता नवा पट्टा. आमच्याकडचा पट्टा ५ मिलिमीटर जाडीचा आणि सुमारे ६ फूट लांब असतो, म्हणजे मुद्दाम जास्त. तो खालच्या मोठ्या चाकाखालून घ्या, चाकाजवळ लोखंडी कडी असेल तर तिच्यातून ओवा, दोन्ही टोकं टेबलाच्या दोन भोकांतून वर काढा आणि हाताच्या चाकावर आणून भिडवा. हाताने साधारण ओढून, करकचून नव्हे, जिथे टोकं भेटतात तिथे खूण करा आणि खुणेच्या अर्धा सेंटिमीटर आत कापा. काप सरळ हवा. तिरका कापला तर सांधा एका अंगाला ओढला जातो. भोक आरीने किंवा दाभणाने पाडा. खिळा ठोकू नका, त्याने चामडं फाटतं. हूक घालून पकडीने असा दाबा की त्याचं टोक चाकाच्या बाजूला न येता बाहेरच्या बाजूला बसेल आणि वर उभं राहणार नाही. उभं राहिलेलं टोक टेबलाच्या भोकात प्रत्येक फेरीला अडकतं आणि पट्टा तिथेच तुटतो. 'टक टक' असा ठरावीक आवाज आला तर समजा, हेच होतंय.

ताण बघायला टेबल आणि हाताचं चाक यांच्यामध्ये पट्टा बोटाने दाबा. सेंटिमीटरभर दबला तर बरोबर. अजिबात दबत नसेल तर पायडल जड जाईल आणि चाकाच्या बुशीही लवकर झिजतील. पट्टा इतका घट्ट नसावाच की कधीच घसरू नये. सुई कुठे अडकली तर त्याने घसरायला हवं, नाहीतर सुई मोडते.

गोधडीचे चार-पाच थर असतील तर जिथे शिवण एकावर एक येते तिथे पायाने जोर न लावता चाक हाताने आपल्याकडे फिरवून दोन-तीन टाके पुढे न्या. रात्री काम संपल्यावर पट्टा चाकावरून उतरवून ठेवलात तर तो कमी ताणला जाईल.

पट्ट्याची नवी लांबी आणि दोन हूक तुमच्यासाठी काढून ठेवले आहेत, त्याचे पैसे घेणार नाही. मशीन साफ करण्याची मजुरी कारागिराने सांगितली तेवढीच. दुकान सोमवारी बंद असतं. पट्टा घरी जोडायचा नसेल तर कारागीर येऊन बसवून देईल, आणि पंधरा दिवसांनी ढिला झाला की पहिला काप तोच मारेल.