मुळेमुळे रांग खोळंबली

परवा दिल्लीत एका परिसंवादाच्या नोंदणीच्या टेबलावर माझं खेचर झालं. "मिस्टर म्यूल!" अशी खणखणीत हाक आली आणि मी मुकाट्यानं पुढे झालो. आडनाव मुळे, इंग्रजीत Mule. आमच्या घरात हे एकट्याचं दुःख नाही. बायको माहेरची काळे, म्हणजे Kale, एक पालेभाजी. मेहुणीच्या सासरचे पिंपळे. त्यांचं स्पेलिंग तुम्हीच करून बघा आणि आरशात गाल तपासा.

बिल्ला छापणाऱ्या मुलाला म्हटलं, "बाबा, ते मुळे आहे. बदलता येईल का?" तो हो म्हणाला, हीच चूक झाली. कारण माझ्या मागे एक गृहस्थ उभे होते. सफारी, काखेत फाइल, निवृत्त असूनही निवृत्त न झालेले. त्यांना सवड होती.

आधी मी विद्वत्ता पाजळली. २००१ सालच्या आयएसओ १५९१५ की १५९१९ (१५९१९च, नंतर बघितलं) या लिप्यंतराच्या मानकात ळ साठी l खाली टिंब देतात, ḷ. मुलानं मोबाइलवरून ते चिकटवलं. पडद्यावर उमटलं MU?E. पासपोर्टाच्या तळाशी यंत्रानं वाचायच्या ज्या दोन ओळी असतात, त्यांतही A ते Z पलीकडचं अक्षर बसत नाही, तिथे या बिचाऱ्या बिल्ल्याकडून काय अपेक्षा करायची!

"दो एल लगाओ," गृहस्थ म्हणाले. गोव्यात रोमी कोंकणीत खरंच तसं लिहितात, सगळें म्हणजे sogllem. पण ते वाचणाऱ्याला आधीच ठाऊक असतं. दिल्लीत Mulle चं 'मुल्ले' झालं आणि रांगेतले दोघे वळून बघायला लागले. मग Mulhe. तो 'मुल्हे', कारण lh कोल्हापूरनं आधीच अडवून ठेवलंय.

"साउथवाले ज़ेड-एच लिखते हैं," गृहस्थांना आठवलं. आता तो zh आहे कोळिक्कोडचा, Kozhikode मधला, आणि तो ळ चा चुलतभाऊ आहे, ळ नव्हे. पण हे सांगेपर्यंत पडद्यावर Muzhe आलं होतं.

"मुझे?" गृहस्थ म्हणाले. "आपको क्या?"

मला काय, हा प्रश्न मलाही पडला होता. शेवटी उच्चारच शिकवायला घेतला. जिभेचं टोक मागे वळवा, टाळूला टेकवा आणि पुढे झटकून सोडा. गृहस्थांनी डोळे मिटले, मान वाकडी केली, फाइल मुलाच्या हातात दिली आणि मनापासून म्हणाले, "मुड़े."

खरं सांगतो, इतक्या जवळ कोणीच आलं नव्हतं. हिंदीतल्या ड़ ला जीभ त्याच जागी वळते. ळ म्हणताना हवा जिभेच्या दोन्ही बाजूंनी निसटते, एवढाच फरक. पण गृहस्थांचं समाधान होईना. "मुड़े मतलब? कहाँ मुड़े?" तोवर माझ्यामुळे, म्हणजे मुळेमुळे, रांग जिन्यापर्यंत गेली होती.

शेवटी त्यांनीच फर्मान सोडलं, "आर और एल साथ में डालो, बात ख़त्म." बिल्ला निघाला MURLE. दिवसभर सगळ्यांनी मला मुरलीजी म्हटलं.

सगळ्यांनी नाही. जेवणाच्या रांगेत एका स्वीडिश इंजिनियरनं बिल्ल्याकडे बघितलं आणि सहज म्हणाला, मुळे. 'उ' जरा परका होता, पण ळ अस्सल! माझ्या हातातला पापड मोडला. त्यांच्या भाषेत म्हणे r आणि l शेजारी आले की मिसळून ळ च होतो. मोत्याला ते pärla लिहितात आणि पॅळा म्हणतात. म्हणजे माझं आडनाव बरोबर वाचून घ्यायचं तर स्पेलिंग स्वीडनच्या हिशेबानं करायचं. तेच स्पेलिंग लंडनला नेलं की r गिळला जातो आणि नुसता ल उरतो.

आणि दिल्लीला नावं ठेवण्यात तरी काय अर्थ आहे? टिळकांचं Tilak आपणच चालवून घेतलं. माझी पुतणी mal लिहिते, तो मळ, माळ की माल हे वाक्य संपल्यावर कळतं. ती बोलतानाही 'शाला' म्हणते. तिला ळ येतो हो, पण म्हणायचा कंटाळा. कंटाला.

परिसंवादाचं प्रमाणपत्र आज कुरियरनं आलं. जुन्या अर्जावरून छापलेलं, त्यामुळे Mule. दारात सांगली-साताऱ्याच्या हेलाचा पोरगा. पाकीट वाचून आत ओरडला, "मुले आहेत का घरात?"

आतून बायको म्हणाली, "नाहीत, शाळेत गेलीत."