कमोड फिरवला आणि न्हाणी सुटली

चवथीच्या आधी आईसाठी घरातच बाथरूम करायचं ठरलं होतं. डिचोलीतलं आमचं घर जुनं, चिऱ्याच्या भिंतींचं. न्हाणी मागच्या दारी, आणि पावसात तिथं जाताना आईचा पाय दोनदा घसरला होता. म्हणून तिच्या खोलीला लागून असलेलं सामान ठेवायचं कोठार मोकळं केलं. चिऱ्यापासून चिऱ्यापर्यंत 4 फूट रुंद, 7 फूट लांब. मेस्त्रीनं एकदा डोकावून पाहिलं आणि म्हणाला, "बाय, बसतलें हें."

बसलं खरं, पण कसं बसलं ते ऐका.

प्लंबरनं मैलापाण्याचा पाइप टाकताना मापं चिऱ्यापासून घेतली. कमोड लांब भिंतीला पाठ करून बसणार होता. त्यामुळे पाइपचं तोंड मागच्या भिंतीपासून 9 इंचांवर आणि बाजूच्या भिंतीपासून 15 इंचांवर ठेवलं. दोन्ही आकडे पुस्तकात आहेत तसेच बरोबर. बाजारात खाली तोंड असलेले कमोड, म्हणजे एस-ट्रॅपचे, साधारण 9 किंवा 12 इंचांच्या मापात मिळतात. आणि कमोडच्या मध्यरेषेपासून बाजूच्या भिंतीपर्यंत किमान 15 इंच हवेत, हा अमेरिकन प्लंबिंग कोडमधला नियम आता आपल्याकडचे आर्किटेक्टही सर्रास वापरतात. फक्त ही दोन्ही मापं तयार भिंतीपासून घ्यायची असतात, म्हणजे टाइलच्या तोंडापासून.

चिऱ्याची भिंत सरळ नसते. ती ओळंब्यात आणायला प्लास्टर जाड चढतं, वर टाइलखालचा माल, मग टाइल. आमच्याकडे प्रत्येक बाजूला दीड इंच गेला. चार फुटांची खोली 45 इंचांची झाली, सात फुटांची 81 इंचांची. भिंतींच्या टाइल्स लागल्यावर कमोड नुसता ठेवून पाहायला आणला, तेव्हा पाइपचं तोंड मागच्या टाइलपासून साडेसात इंचांवर निघालं. नऊ इंचांचा कमोड तिथं बसणारच कसा? तो भिंतीला टेकवला की त्याचं तोंड पाइपच्या दीड इंच पुढे. प्लंबरनं वाकडा कनेक्टर लावून जमवतो म्हटलं. पण बाजूलाही 15 चे साडेतेरा झाले होते, त्याला कुठला कनेक्टर लावणार?

तिसरी चूक माझी. दुकानात मी कमोडचा रंग पाहिला, सीट हळू मिटते का ते पाहिलं, लांबी पाहिली नाही. विकणाऱ्यानंही विचारलं नाही की खोली केवढी आहे. तो टाकीसकट एकसंध कमोड 28 इंच लांब होता. 45 मधून 28 गेले, समोर राहिले 17. कमोडच्या पुढे किमान 21 इंच मोकळे हवेत, आरामात बसायचं तर 30. मी त्या न जोडलेल्या कमोडवर बसून पाहिलं. गुडघ्यापुढे तळहात आडवा मावेल एवढीच जागा. उठताना माणूस आधी पुढे झुकतो, मग उभा राहतो. समोर भिंत असेल तर झुकता येत नाही आणि सगळा भार हातांवर येतो. मला जमलं. आईला जमलं नसतं.

इथं प्रत्येक जण एकच सल्ला देतो: भिंतीवर टांगायचा कमोड घ्या, जागा वाचते. अर्धं खरं. तो कमोड साधारण 21 इंच पुढे येतो हे बरोबर, पण त्याची टाकी भिंतीत लपवावी लागते. घराचा भार पेलणारी चिऱ्याची भिंत मी तरी कापू देणार नाही. मग टाकीपुढे खोटी भिंत बांधायची, ती 5-6 इंच खाते. 21 आणि 6 किती झाले? 27. पैसे जास्त मोजून एक इंच वाचला. फरशी पुसायला सोपी जाते एवढाच फायदा.

त्या रात्री मी फरशीवर खडूनं आखलं. वस्तू नाही आखल्या, मोकळ्या जागा आखल्या. कमोडसमोरचा चौकोन, आंघोळीचा चौकोन, दार उघडल्यावर पाय पडतो ती जागा. आणि लक्षात आलं की मोकळ्या जागा एकमेकींवर चढल्या तरी चालतात, कारण आई एकाच वेळी दोन्हीकडे नसणार. वस्तू मात्र एकमेकींवर चढत नाहीत. एवढं कळल्यावर कमोड काटकोनात फिरवला, पाठ आखूड भिंतीला. लांबीतून 28 गेले तरी समोर 53 इंच उरतात. त्यातले शेवटचे 36 आंघोळीचे, मधले 17 कोरडे. दार लांब भिंतीत, त्या कोरड्या पट्ट्यासमोर. तेच भांडं, तीच खोली.

बाजूला भिंतीपासून 15 नाही, 18 इंच घेतले. कारण आधाराचा दांडा. दांडा आणि भिंत यांच्यात बोटं जायला दीड इंच, दांड्याची जाडी सव्वा इंच, म्हणजे जवळजवळ 3 इंच आत येतात. 15 वर दांडा लावला असता तर कोपराला 12 च उरले असते. दुसऱ्या बाजूला 27 राहिले.

त्या 27 इंचांत बेसिन बसवायचा मोह झाला होता. कमोडची अर्धी रुंदी 7, मध्ये फट 4, बेसिन 16, बेरीज बरोबर 27. कागदावर झकास! पण बेसिनची कड बसलेल्या माणसाच्या कोपरापाशी येते, आणि बेसिनपुढे उभं राहायला जागा कमोडवरूनच घ्यावी लागते. दोन वस्तूंच्या मध्यरेषांत 30 इंच धरतात ते याचसाठी. शेवटी बेसिन बाहेर पॅसेजमध्ये गेलं, कड जमिनीपासून 32 इंचांवर, पुढे चालायला वाट ठेवून.

आंघोळीला कोडप्रमाणे 30 बाय 30 इंच पुरतात, पण ते माप उभ्यानं शॉवर घेणाऱ्याचं. आपण स्टुलावर बसतो, शेजारी बादली, तांब्या डोक्यावर नेताना कोपर बाहेर जातं. त्याला 36 च्या खाली जाऊ नका. काचेचं पार्टिशन लावलं नाही. उतार फुटाला पाव इंच, पाणी कोपऱ्यातल्या नहाणी ट्रॅपकडे. (आपली न्हाणी अशी प्लंबरच्या बिलात अजून जिवंत आहे.)

दार बाहेर उघडतं. आत उघडणारं दार आमचा कोरडा पट्टा खाऊन टाकेलच, पण आत कुणी पडलं तर ते अंगावर अडकतं आणि उघडता येत नाही.

कुणी म्हणेल, राष्ट्रीय इमारत संहितेत न्हाणी आणि संडास एकत्र असेल तर 2.8 चौरस मीटर आणि 1.2 मीटर रुंदी हवी, तुमचं तर सव्वादोनच्या थोडं वर भरतं. मान्य. नवं घर बांधत असाल तर तेवढी जागा सोडाच, आणि ती टाइल लागल्यावरची धरा. आमच्या कोठाराच्या भिंती मात्र शंभर वर्षं हललेल्या नाहीत.

कोबा फोडून पाइप फिरवायला दोन दिवस गेले. मेस्त्री त्या दोन दिवसांत माझ्याशी फारसा बोलला नाही. चवथीला आईनं नव्या बाथरूममध्ये पहिली आंघोळ केली, आणि बाहेरच्या बेसिनवर दात घासता घासता स्वयंपाकघरात कोण काय करतंय त्यावर लक्षही ठेवलं. बेसिन बाहेर ठेवायची कल्पना आपलीच होती असं ती आता सगळ्यांना सांगते.