साउंडबॉक्स बोलला म्हणजे हिशेब झाला का? एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया: «भाऊ, तुम्ही उगाच लोकांना भेव दाखवून राहिले. यूपीआयवर एक रुपयाही कटत नाही, सरकारनंच सांगितलं आहे. माझं गोकुळपेठेत दुकान आहे, तीन वर्षांत एकदाही असं जुळवत बसलो नाही. डब्बा बोलतो, सकाळी बँकेत पैसे येतात. दोन-चारशेचा फरक आला तर आला. दिवसभर गिऱ्हाईक सांभाळायचं, की रात्री तुमच्यासारखं फाइल उघडून बसायचं?»

भाऊ, तुमचं अर्धं म्हणणं मला मान्य आहे. यूपीआयची विक्री आणि बँकेतली जमा रोज रात्री जुळवून बघा, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. रोज रात्री बसायची गरज नाही, ते जरा ताणूनच लिहिलं. मी स्वतः आता रविवारी दुपारी बसतो. आणि शुल्काचंही बरोबर आहे: गिऱ्हाइकानं बँक खात्यातून यूपीआय केलं तर 1 जानेवारी 2020 पासून दुकानदारावर एमडीआर, म्हणजे व्यवहारामागे कापलं जाणारं शुल्क, लागत नाही.

पण साउंडबॉक्सचा डब्बा फक्त रक्कम बोलतो. पैसे खात्यातून आले की यूपीआयला जोडलेल्या रुपे क्रेडिट कार्डावरून, हे तो सांगत नाही. छोट्या दुकानदाराला क्रेडिट कार्डाच्या व्यवहारात 2000 रुपयांपर्यंत सूट आहे, त्याच्या वर शुल्क लागतं. तुमच्याकडे दीड-दोनशेची बिलं होत असतील, तर हा प्रकार तुम्हाला वर्षभर दिसणारही नाही. माझं नागपूरच्या महाल भागात भांड्यांचं दुकान आहे. लग्नसराईत आणि धनत्रयोदशीला पाच-पाच हजारांची बिलं फाटतात, त्यामुळे मला तो दिसतो.

तुम्ही म्हणता तो «दोन-चारशेचा फरक» मी गेल्या धनत्रयोदशीचाच उलगडून दाखवतो. त्या दिवशी ॲपमध्ये एकूण वसुली 48,360 दिसत होती. दुसऱ्या दिवशी बँकेत जमा झाले 42,073.55. म्हणजे सहा हजारांच्या वर कमी! माझा मुलगा म्हणाला, «बाबा, कंपनीनं लुटलं.» मलाही क्षणभर तसंच वाटलं, खोटं कशाला बोलू.

चूक आमच्या बघण्यात होती. ॲपचा दिवस रात्री बाराला संपतो, पण माझ्या ॲपच्या कंपनीचा सेटलमेंटचा, म्हणजे बँकेत जमा करायचे व्यवहार एकत्र धरण्याचा, दिवस रात्री दहाला संपतो. एरवी साडेनऊला शटर पडतं, म्हणून हे कधी लक्षात आलं नव्हतं. धनत्रयोदशीला साडेअकरापर्यंत गिऱ्हाईक होतं. दहानंतरचे सात व्यवहार, 6,240 रुपये, पुढच्या दिवसाच्या जमेत गेले. उलट आदल्या रात्री दहानंतर आलेले दोन व्यवहार, 1,150 रुपये, या जमेत आले. म्हणजे त्या जमेमागची खरी विक्री 43,270.

म्हणून तारखेशी तारीख जुळवायचीच नाही. बँकेत जी एक ठोक रक्कम येते तिच्यासोबत `UTR` नंबर असतो. ॲपमधून सेटलमेंटची फाइल उतरवली की प्रत्येक व्यवहारासमोर तो कोणत्या `UTR` मध्ये गेला ते लिहिलेलं असतं. त्या एका नंबरवर फिल्टर लावायचा आणि तेवढ्याच ओळींची बेरीज करायची. गिऱ्हाईक आपल्या मोबाइलवर जो बारा आकडी नंबर दाखवतं तो वेगळा. तो एका व्यवहाराचा असतो आणि पासबुकात शोधून सापडत नाही, कारण पासबुकात सगळ्यांची मिळून एकच ओळ असते. तो याच फाइलमध्ये शोधायचा.

आता पुढे. त्या ओळींमध्ये 5,200 चा एक व्यवहार रुपे क्रेडिट कार्डाचा निघाला, कुकर आणि स्टीलच्या डब्यांचा सेट. माझ्या करारात दर 1.8 टक्के आहे, म्हणजे 93.60. त्यावर 18 टक्के जीएसटी 16.85. मिळून 110.45. त्याच दिवशी 1,450 चाही एक व्यवहार क्रेडिट कार्डाचाच होता, त्यावर शून्य, कारण तो 2000 च्या आत. आदल्या दिवशी नेलेली एक कढई परत आली होती, तिचे 850 आम्ही ॲपमधूनच परत केले होते. ते खात्यातून वेगळे जात नाहीत, पुढच्या जमेतूनच वळते होतात. आणि साउंडबॉक्सचं महिन्याचं भाडं त्याच दिवशी कापायचं होतं, 100 अधिक जीएसटी, 118.

43,270 मधून 110.45, 850 आणि 118 वजा करा. 42,191.55 यायला हवे होते. आले 42,073.55. अजून 118 कमी.

नेमके 118! असा आकडा दिसला की गिऱ्हाइकाच्या हिशेबात शोधायचं नसतं. भांड्यांच्या दुकानात 118 चं बिल क्वचितच होतं, पण शंभरावर 18 टक्के म्हटलं की तो भाड्याचाच वास. फाइलच्या दुसऱ्या शीटमध्ये, जिथे मी तोवर कधी डोकावलोच नव्हतो, भाड्याच्या दोन ओळी होत्या आणि दोन वेगवेगळे मशीन नंबर. आमच्याकडे आधी दोन डब्बे होते. मागच्या काउंटरचा जूनमध्ये, त्या महिन्याचं भाडं कापून झाल्यावर, कंपनीच्या माणसाला परत दिला होता. त्याचं भाडं जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर आणि ऑक्टोबर असं चार महिने चालूच होतं. 472 रुपये.

भाऊ, तुमच्या तीन वर्षांबद्दल मला इथेच शंका येते. बँकेनं काही कापलं तर पासबुकात वेगळी ओळ येते, आपण जाऊन भांडतो. इथे कापून उरलेलं जमा होतं. पासबुकात कपातीची ओळच नसते, नुसती जमा दिसते, आणि रोजची विक्री कमीजास्त असल्यानं 118 त्यात विरघळून जातात.

आणखी एक. तुम्ही विक्री म्हणून बँकेत आलेली रक्कम वहीत लिहीत असाल, तर तेवढं बदला. विक्री 43,270 चीच लिहायची, शुल्क आणि भाडं खर्चात, कढई विक्री-परतीत. जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत असाल तर कर पूर्ण विक्रीवर बसतो, कापून आलेल्या रकमेवर नाही. नियमित जीएसटीत असाल तर शुल्कावरचा आणि भाड्यावरचा जीएसटी इनपुट क्रेडिट म्हणून आपल्या करातून वजा मिळतो, पण त्यासाठी कंपनीचं महिन्याचं बिल उतरवून ठेवावं लागतं. नुसत्या सेटलमेंट फाइलवर सीए ऐकत नाहीत, माझे तरी नाही ऐकले.

त्या 472 चं काय झालं? ॲपमधून तक्रार टाकली, पहिल्यांदा «भाडं नियमानुसार आहे» असं ठोकळेबाज उत्तर आलं. मग डब्बा परत घेतल्याच्या पावतीचा फोटो आणि भाड्याच्या चार ओळी, मशीन नंबरासकट, जोडून पाठवल्या. ती पावती गल्ल्याखालच्या कागदांत सापडली हे नशीबच. तीन आठवड्यांनी एका सकाळी जमा रक्कम विक्रीपेक्षा जास्त आली, मुलगा खूश. म्हटलं, बापा, दुसरी शीट उघड. तिथे ओळ होती, अधिक 472.