बाळ येतंय म्हणून गुंतवणूक बंद? आधी जरा हिशोब मांडू

"पहिलं बाळ येणार कळलं की त्याच दिवशी सगळी मंथली गुंतवणूक बंद करा. डिलिव्हरीला किती लागतील ते कुणीच सांगू शकत नाही, सगळा पैसा हातात पाहिजे. एकाचा पगार थांबणार, तर तेवढी पूर्ण रक्कम आधीच बाजूला काढावी लागते. मूल तीन वर्षांचं झालं की परत चालू करा, तीन वर्षांत काही बिघडत नाही."

हा मेसेज मला गेल्या दोन महिन्यांत चार जणांनी पाठवलाय, आणि त्यातल्या दोघांनी खरंच सगळं बंद करून टाकलंय, म्हणून बसून लिहितोय. आम्हीपण आमच्या वेळी हेच केलं होतं, त्यामुळे मोठ्या शहाणपणाने बोलत नाहीये, ठेच लागलेली आहे.

डिलिव्हरीच्या खर्चापासून सुरू करतो. नक्की आकडा कुणी देत नाही हे खरं, पण रेंज मिळते, आणि ती सहाव्या-सातव्या महिन्याच्या आत जाऊन घ्यायची असते. हॉस्पिटलच्या बिलिंग काउंटरवर "पॅकेज केवढ्याचं" एवढंच विचारलं की एकच आकडा मिळतो, आणि माणूस तोच डोक्यात धरून बसतो. आम्हाला कागदावर एक आकडा लिहून दिला होता, डिस्चार्जच्या दिवशी फाइल हातात आली तेव्हा त्यात औषधं वेगळी, ग्लोव्हज-सिरींज वगैरे कंझ्युमेबल्स वेगळे, बाळाच्या डॉक्टरची व्हिजिट वेगळी, एक दिवस जास्त राहिलो त्याचं वेगळं. कुणी फसवलं नव्हतं, आम्ही विचारलंच नव्हतं. म्हणून नॉर्मल आणि सिझेरियन दोन्हीचे आकडे वेगवेगळे घ्या, पॅकेजमध्ये काय नाही ते लिहून घ्या, बाळाला निगराणीत ठेवावं लागलं तर दिवसाला किती ते विचारा, आणि अ‍ॅडमिट होताना डिपॉझिट किती भरायचं तेपण. मग सिझेरियनचा आकडा धरूनच चालायचं, कारण जगभरात साधारण पाचातली एक डिलिव्हरी सिझेरियन असते, म्हणजे ही काही दुर्मिळ गोष्ट नाही. नॉर्मल झाली तर उरलेले पैसे कुठे पळून जात नाहीत.

बाळ लवकर जन्मलं आणि आठवडेच्या आठवडे एनआयसीयूत राहावं लागलं, तर तो खर्च मात्र सात-आठ महिन्यांच्या बचतीत मावेलच असं नाही, मंथली बंद करूनही मावणार नाही. त्याला दोनच गोष्टी आहेत, इन्शुरन्स आणि इमर्जन्सी फंड. इन्शुरन्समध्ये मॅटर्निटी कव्हरला बऱ्याचदा वेटिंग पिरियड असतो, त्यामुळे प्रेग्नन्सी कळल्यावर नवीन पॉलिसी घेऊन या डिलिव्हरीला सहसा उपयोग होत नाही. पण आहे त्या पॉलिसीत किंवा ऑफिसच्या ग्रुप कव्हरमध्ये बाळाला पहिल्या दिवसापासून धरतात का आणि त्याचं नाव किती दिवसांत घालायचं, हे एचआरला आजच मेल टाकून विचारा. आणि प्रीमियम चुकवू नका, गुंतवणूक कमी करताना लोक कधीकधी त्याच हातासरशी प्रीमियमपण थांबवतात, ते म्हणजे पावसाच्या तोंडावर छत्री विकण्यासारखं झालं.

आता पगाराचा मुद्दा. या मेसेजमधली सगळ्यात मोठी चूक इथेच आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

समजा दोघांचे मिळून घरात महिन्याला 100 येतात. रुपये नाही, हिस्से म्हणा, तुमचा आकडा तुम्ही बसवा. त्यातले 55 नवऱ्याचे, 45 बायकोचे. घरखर्च, भाडं किंवा हप्ता सगळं धरून 62 जातात, 20 गुंतवणुकीत, आणि उरतात 18. हे 18 कुठे जातात ते महिन्याच्या शेवटी कुणालाच आठवत नाही. इमर्जन्सी फंड चार महिन्यांच्या खर्चाएवढा आहे आणि तो वेगळाच ठेवायचाय, त्याला हात लावायचा नाही. दुसऱ्या महिन्यात बातमी कळली, म्हणजे हातात सात महिने आहेत. बाळंतपणानंतर तीन महिने पगारी रजा, पुढचे तीन बिनपगारी. तुमच्याकडे हे दिवस कमीजास्त असतील, ते आधी एचआरकडून लेखी घ्या.

मेसेजवाला म्हणेल तीन महिन्यांचे 45, म्हणजे 135 बाजूला काढा. पण कापला जातो पगार, आणि तुम्हाला भरायचा असतो खड्डा, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या तीन महिन्यांत घरात 55 येणार. खर्च 62, बाळाचे डायपर-औषधं-लसी वगैरे 10, आणि गुंतवणूक 20 वरून निम्मी करून 10 ठेवली, तर बाहेर जाणार 82. खड्डा 27 चा. तीन महिन्यांचे 81. 135 नाही! तो उरणारा 18 आधी कुठेतरी उडत होता, तो आता उडणार नाही, आणि गुंतवणूक निम्मी केलीये, एवढाच फरक आहे, पण लोक घाबरतात ते 135 बघून.

आता पूर्ण हिशोब. बाळ यायच्या आधी तपासण्या-सोनोग्राफी सगळ्या मिळून 18, सिझेरियन धरून डिलिव्हरी 100, आणि सामान 20, एकूण 138. जमा काय होणार? दर महिन्याला उडणारे 18 अधिक गुंतवणुकीतून वळवलेले 10, म्हणजे महिन्याला 28, सात महिन्यांचे 196. डिलिव्हरी झाल्यावर 58 शिल्लक. मग पगारी रजेचे तीन महिने, 100 आले, 62 अधिक 10 अधिक 10 गेले, महिन्याला 18 पडले, त्याचे 54. शिल्लक 112. मग बिनपगारी तीन महिने 81 गेले. उरले 31. आणि इन्शुरन्सने डिलिव्हरीचा काही भाग परत दिला तर तो याच्या वर. गुंतवणूक एकही महिना बंद झाली नाही, निम्मी झाली फक्त.

पूर्ण 20 चालू ठेवले असते तर? सात महिन्यांत 126 जमले असते आणि डिलिव्हरीच्या वेळी 12 कमी पडले असते. म्हणजे "काहीच बदलू नका" म्हणणारेपण चुकतात, बोनस वगैरे येणार असेल तर गोष्ट वेगळी.

एक काळजी घ्या, हा 28 चा डबा बचत खात्यात किंवा लिक्विड फंडात ठेवा, छोट्या मुदतीची एफडीपण चालेल, पण शेअर बाजारात नाही. सात महिन्यांनी नक्की लागणारा पैसा तिथे ठेवला आणि नेमका त्याच महिन्यात बाजार पडला, तर तोट्यात विकून बिल भरावं लागेल. आणि खातं वेगळं ठेवा हो, नाहीतर 18 परत उडतील, मला माहितीये.

"तीन वर्षांत काही बिघडत नाही" याला आकडा लावून बघू. महिन्याला 20, 36 महिने म्हणजे 720 हिस्से. वर्षाला 10 टक्के धरले (गॅरंटी नाही, हिशोबापुरतं) तर तीन वर्षांच्या शेवटी साधारण 835, आणि ते तसेच पडून राहिले तर मूल 18 चं होईपर्यंत साधारण 3,700. सहा टक्केच मिळाले तरी 1,900 च्या आसपास. महागाईने त्यातलं बरंच खाल्लेलं असेल, पगारपण वाढलेला असेल, त्यामुळे 3,700 बघून डोळे पांढरे करायची गरज नाही, पण "काही नाही" असं म्हणण्याइतकं छोटं ते नक्की नाही, आणि निम्मं चालू ठेवलं तर त्यातलं निम्मं तरी वाचतं.

पण आकड्यांपेक्षा खरी अडचण दुसरीच आहे, तिसऱ्या वर्षी परत चालू करायला पैसे सापडत नाहीत. लोकांना वाटतं डिलिव्हरी हाच मोठा खर्च, तो एकदा झाला की सुटलो. खरी ओढाताण सुरू होते बायको कामावर परत गेली की. वरच्याच घरात बघा, पगार परत 100, पण आता बाळाचे 10 आणि पाळणाघर किंवा सांभाळणाऱ्या ताईंचे 15, म्हणजे खर्च 87. गुंतवणुकीचे 10 गेले की हातात उरले 3. डायपर हळूहळू कमी होतात, पहिल्या दीड वर्षानंतर लसीपण विरळ होतात, पण सांभाळण्याचा खर्च कमी होत नाही आणि तो संपत येतो तेव्हा शाळेची फी दारात उभी असते. आम्ही सगळं बंद केलं तेव्हा "मूल तीनचं झालं की" असंच ठरलं होतं, तीनचं झालं तेव्हा फीचा पहिला हप्ता होता, चारचं झालं तेव्हा मोठं घर बघत होतो, आणि गुंतवणूक सुरू झाली तेव्हा पोरगी स्वतःच्या बुटाच्या लेस बांधत होती.

त्यामुळे 10 वरून 20 वर जायचं ते वयावर नका टाकू, पगारवाढीवर टाका. पुढच्या वाढीत हातात 6 जास्त आले तर त्यातले 3 त्याच महिन्यात गुंतवणुकीला लावायचे, खर्चाला त्यांची सवय लागायच्या आत. 20 व्हायला तीन-चार वर्षं लागतील, लागू देत. आमच्या एका मित्राने डिलिव्हरीच्या आधीच स्टेप-अप, म्हणजे हप्ता ठरावीक काळाने आपोआप वाढण्याची सोय, सेट करून ठेवला होता, त्याला नंतर काही ठरवावंच लागलं नाही, तेव्हा झोपच होत नव्हती तर ठरवणार काय.

आता कुणी खरंच बंद करावं? क्रेडिट कार्डाची थकबाकी फिरत असेल तर आधी ती फेडा, त्याचं व्याज फंडाच्या सरासरी परताव्यापेक्षा बरंच जास्त असतं. इमर्जन्सी फंड शून्य असेल तर आधी तो. घरात एकच पगार असेल आणि डॉक्टरांनी हाय रिस्क सांगितलं असेल, किंवा जुळी असतील, तर बंद करा, बिनधास्त करा, त्यात काही चुकीचं नाही. फक्त बंद म्हणजे हप्ता थांबवणं, आधी जमलेलं काढून घेणं नव्हे, आणि परत चालू करायची तारीख त्याच दिवशी फोनच्या कॅलेंडरवर दोघांच्याही टाका. एकाच्याच टाकली तर तो रिमाइंडर रात्री तीनला दूध पाजताना दिसतो आणि बोट लगेच स्नूझवर जातं.